पांढरी टोपी, पांढरी भिंत : एका फोटोचं तीन शायांतलं लिनोकट

मामाच्या पिठाच्या गिरणीला यंदा पन्नास वर्षं झाली. मामेभावाला गिरणीत लावायला एक चित्र हवं होतं. फोटो नको, फोटो मोबाइलमध्ये ढिगानं पडलेत. “ते जुन्या पोस्टरांवर असतं ना, काळं-लाल, कोरल्यासारखं, तसं करून दे,” एवढं सांगून तो मोकळा झाला. म्हणजे त्याला लिनोकट हवं होतं, लिनोलियमच्या तुकड्यावर खोदून छापलेलं चित्र, आणि मला लिनो खोदता येत नाही. मला जिंप हा फोटो-चित्रांवर काम करायचा प्रोग्रॅम चालवता येतो. फोटोवरून कॉम्प्युटरवरच लिनोकटसारखं चित्र करायचं ठरलं. त्यात काय चुकलं आणि ते कसं सुधारलं, ते लिहून ठेवतोय.

आधी फोटो सांगतो. मामा दळण घालायला उभा आहे. डाव्या हातानं पत्र्याच्या नरसाळ्याची कड धरलीय, उजव्या हातानं डब्यातले गहू ओततोय. डावीकडच्या खिडकीतून उजेड येतोय. अंगात पांढरा सदरा, डोक्यावर पांढरी टोपी, मागे चुन्याची भिंत. आणि या सगळ्यावर पीठ : भुवयांवर, मिशीवर, मनगटावरच्या केसांवर. समोर उभं राहून बघायला हे सुंदर दिसतं. पण दोन टोकांच्या रंगांत चित्र करायचं म्हटलं की हाच फोटो रडवतो, कारण पिठानं सगळ्याचा रंग एक करून टाकलाय.

पहिला प्रयत्न कुणीही करील तोच केला. `Colors > Threshold` उघडलं आणि स्लायडरचा घोडा मधे कुठेतरी आणला. थ्रेशोल्डचं काम अगदी सरळ आहे : ठरवलेल्या उजेडापेक्षा जे उजळ ते पांढरं, बाकी सगळं काळं. घोडा १२७ वर ठेवला तर टोपी, सदरा आणि भिंत मिळून एक मोठा पांढरा डाग झाला आणि त्यात मामाचा चेहरा तरंगायला लागला. १८० पर्यंत नेला तर टोपीची कड कुठेकुठे दिसली, पण चेहरा डांबर फासल्यासारखा काळा झाला. वर सगळीकडे बारीक मिरी सांडल्यासारखे ठिपके. त्यातल्या त्यात बरं दिसणारं एक निवडलं, खाली तपकिरी रंग भरला, वरून कागदाचं टेक्श्चर टाकलं आणि प्रिंटमेकिंग शिकलेल्या एका मैत्रिणीला पाठवलं.

तिनं फोनवर एकच प्रश्न विचारला. “कानाजवळचा हा पांढरा ठिपका तू कुठल्या हत्यारानं काढलास?”

मी म्हटलं, “हत्यारानं कुठे, थ्रेशोल्डनं आलाय.”

“तेच म्हणतेय. लिनोवर पांढरं आपोआप येत नाही. जिथं पांढरं दिसतं तिथं कुणीतरी हात चालवलेला असतो. तुझ्या चित्रात पाच हजार पांढरे ठिपके आहेत. कोण बसणार होतं ते खोदायला?”

पुढचं सगळं काम या एका प्रश्नावर उभं आहे. लिनोच्या तुकड्यावर शाईचा रूळ फिरवला की जे वर राहिलं त्याला शाई लागते आणि जे खोदून काढलं ते कोरं राहतं. म्हणजे सुरुवातीला सगळा तुकडा काळाच असतो, आणि चित्र काढणारा त्यातून उजेड काढत जातो. पेन्सिलीनं चित्र काढण्याच्या अगदी उलट. नंदलाल बोस यांचं १९३० सालचं दांडीयात्रेतल्या गांधीजींचं लिनोकट आठवून बघा : मागे सगळा काळा, आणि काठी टेकत निघालेली आकृती पांढऱ्या रेषांनी काढलेली. तिथं एकही पांढरी रेष उगाच नाही, कारण प्रत्येक रेषेला मेहनत पडली आहे. थ्रेशोल्डला मेहनत पडत नाही, म्हणून तो वाटेल तिथं पांढरं सांडतो.

मग पहिली गोष्ट ठरवली ती मापाची. चित्र २१ बाय २८ सेंटिमीटरचं छापायचं, इंचाला ३०० पिक्सेल. म्हणजे २४८० बाय ३३०७ पिक्सेल, आणि एक मिलिमीटर म्हणजे साधारण १२ पिक्सेल. मैत्रिणीच्या सांगण्याप्रमाणे खोदायच्या बारीक V आकाराच्या टूलनं सहज निघणारी रेष मिलिमीटरभराची. त्याहून बारीकही निघते, पण मग ती अख्ख्या चित्रभर काढत बसायला वेगळा जीव लागतो. तेव्हा नियम केला : १२ पिक्सेलपेक्षा बारीक पांढरं काही ठेवायचं नाही, आणि हत्यारं तीनच, १२, २४ आणि ४८ पिक्सेलची. पहिलं रेषांसाठी, दुसरं सावलीतून उजेड काढायला, तिसरं मोठी जागा साफ करायला. हा नियम आधी माप ठरवल्याशिवाय करता येत नाही. स्क्रीनवर झूम करून काम करताना तीन पिक्सेलची रेषसुद्धा ढळढळीत दिसते आणि माणूस फसतो.

दुसऱ्या फेरीत थ्रेशोल्ड पुन्हा वापरला, पण चित्र म्हणून नाही, कच्चा आराखडा म्हणून. आधी `Filters > Blur > Median Blur`, रेडियस १२. गॉसियन ब्लरनं कडा धुरकट होतात. मीडियन मात्र बारीक दाणा खाऊन टाकतो आणि मोठ्या आकारांच्या कडा बऱ्यापैकी जागेवर ठेवतो, म्हणून इथं तोच बरा. मग चेहरा आणि बाकीचं चित्र वेगळं केलं. मामाचा रंग गडद गव्हाळ, उन्हात रापलेला. फोटो सरळ काळा-पांढरा केला की गालाचा उजेड आणि गालाची सावली दोन्ही करड्याच्या एकाच डब्यात जातात. `Colors > Components > Extract Component` मधून लाल चॅनेल घेतलं तर त्वचा उजळते आणि खिडकीकडचा गाल, नाकाचा दांडा, कपाळाची कड हे सगळं वेगवेगळं दिसायला लागतं. निळं चॅनेल घेतलं तर उलट : सुरकुत्या आणि डाग उठून येतात आणि माणूस दहा वर्षांनी म्हातारा होतो. मी चेहरा आणि हात लाल चॅनेलवरून घेतले, कपडे आणि यंत्र हिरव्यावरून. प्रत्येकाला थ्रेशोल्डचा आकडा वेगळा लावला आणि लेयर मास्कनं जोडकाम केलं. एकच आकडा सगळ्या चित्राला लावायची काही सक्ती नाही, हे कळायला मला दोन संध्याकाळी लागल्या.

त्यानंतर उरलेली मिरी. हातानं एकेक ठिपका पुसत बसलो असतो, पण त्याला एक ओळ पुरते. इमेजमॅजिक हा कमांड लिहून चालवायचा प्रोग्रॅम असेल तर :

```
magick kaccha.png -threshold 50% \
  -define connected-components:area-threshold=150 \
  -define connected-components:mean-color=true \
  -connected-components 8 saf.png
```

१५० पिक्सेलपेक्षा लहान क्षेत्रफळाचं प्रत्येक बेट, काळं असो की पांढरं, आजूबाजूच्या रंगात मिसळून जातं. १५० हा आकडा हवेतून आलेला नाही. १२ बाय १२ म्हणजे १४४, साधारण एक चौरस मिलिमीटर. यात एक खोच आहे : लांब पण केसासारखी बारीक रेष यातून सुटते, कारण तिचं क्षेत्रफळ जास्त भरतं. तिच्यासाठी `-morphology Open Disk:5` आहे, तो साधारण ११ पिक्सेलपेक्षा अरुंद पांढरं काढून टाकतो. पण तो रेषांची टोकंही गोल करतो. म्हणून हे दोन्ही फक्त कच्च्या आराखड्यावर चालवायचं. हातानं कोरीवकाम झाल्यावर चालवलं तर आपलेच टोकदार काप बोथट होतात. माझे एकदा झाले, आणि ते परत करावे लागले.

आता टोपीचा प्रश्न. पांढऱ्या भिंतीसमोर पांढरी टोपी. पहिल्यांदा मी टोपीभोवती काळी रेष काढली. ती लिनोकट न वाटता मुलांच्या रंगवायच्या पुस्तकासारखी वाटली. खोदकामात अशी सुटी काळी रेष महाग पडते, कारण तिच्या दोन्ही बाजूंचं सगळं खोदून काढावं लागतं. खोदणारा शक्यतो ते टाळतो आणि कड दुसऱ्या रीतीनं दाखवतो : एका बाजूला काळं, दुसऱ्या बाजूला पांढरं, जिथं दोन्ही भेटतात ती कड. अंधेरीत राहून लिनोकट करणाऱ्या चित्तप्रसादांच्या कामात हे बघायला मिळतं, अंगावरचा उजेड मागच्या अंधाराला जाऊन भिडतो आणि रेष काढावीच लागत नाही.

म्हणून भिंत गडद करायचं ठरवलं. खरी भिंत चुन्याची आहे, असू दे. पण सगळी काळी केली असती तर गिरणीचं तळघर झालं असतं. तेव्हा काळा रंग मुख्य ठशाला ठेवला आणि भिंतीला मधली शाई दिली, विटकरी. खिडकीजवळ कोरी जागा सोडली आणि तिथून उजवीकडे विटकरी दाट होत गेला, पण ग्रेडियंटनं नाही. आडव्या लांब कापांनी : खिडकीजवळ काप रुंद आणि जवळजवळ, पुढे बारीक आणि विरळ, टोपीमागे सलग भरीव. टोपी एका क्षणात सुटी झाली. सदऱ्याचा खिडकीकडचा खांदा कागदाचा पांढरा राहिला, दुसरा खांदा काळ्यात गेला. त्या काळ्यातून घड्यांचे फक्त चार काप काढले. आधी अकरा होते, सदरा चुरगळलेला दिसत होता.

कोरण्यासाठी ब्रश वापरला नाही, हे जरा सविस्तर सांगतो. गोल ब्रशनं ओढलेली रेष सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच जाडीची येते आणि दोन्ही टोकं गोल, मार्कर पेनसारखी. V टूल लिनोत शिरतं तेव्हा काप टोकदार सुरू होतो, हात दाबला जाईल तसा रुंद होतो आणि टूल वर उचललं की पुन्हा निमुळता होतो. शिवाय हाताला बाक घेणं जड जातं, म्हणून वळण हे बहुतेक छोट्या सरळ तुकड्यांचं बनलेलं असतं. जिंपमध्ये याला सगळ्यात जवळचं मला फ्री सिलेक्ट टूल वाटलं, लॅसो. माउस ओढायचा नाही, टिचक्या मारायच्या : एक टोक, दोन बाजूंचे पोटाचे बिंदू, दुसरं टोक, परत पहिलं. चार-पाच टिचक्यांत पाचरीसारखा एक काप होतो, त्यात पांढरं भरायचं. कडा थोड्या कोनेदार येतात, आणि तेच हवं असतं. पोटाची रुंदी १२, २४ किंवा ४८. सवय झाली की मिनिटाला सहा-सात काप होतात. माझ्या चित्रात काळ्या ठशावर शेवटी साडेतीनशेच्या आसपास काप आहेत.

कापांची दिशा ही त्याहून नाजूक गोष्ट. पहिल्यांदा मी सगळे काप एकाच तिरक्या दिशेनं टाकले आणि मामा पावसात उभा असल्यासारखा दिसला. गालावर काप गालाच्या गोलाईनं जायला हवेत, कानाकडून नाकाकडे वळत. बाहीवर ते दंडाभोवती कडं घातल्यासारखे. नरसाळ्याच्या पत्र्यावर मात्र सरळ, वरून खाली, एकमेकांना समांतर आणि कडक, म्हणजे पत्रा पत्र्यासारखा वाटतो. गव्हाच्या धारेत सुटे छोटे काप, सगळे खाली तोंड करून. धारेत दाणे मोजायला जाऊ नये. वीसेक काप पुरतात, बाकीचं बघणाऱ्याचा डोळा करतो.

आणि डोळे. छापलेल्या मापात मामाचा एक डोळा साधारण १२ मिलिमीटर रुंद आहे, म्हणजे १४० पिक्सेल. मी बुबुळाच्या दोन्ही बाजूंचं पांढरं इमानदारीनं खोदलं. मामेभावानं ते चित्र मामाला दाखवलं तर मामा म्हणाला, “डोळे असे का फाडलेत रे माझे? काय वीज बिल बघितलं की काय?” बरोबर होतं त्याचं. खरा डोळा पापणीच्या सावलीत असतो, त्याचं पांढरं हे कागदाइतकं पांढरं कधीच नसतं. पण लिनोत खोदलं की ते थेट टोपीइतकंच पांढरं होतं, आणि सबंध चेहऱ्यात तेच दोन ठिपके ओरडायला लागतात. मग दोन्ही डोळे पुन्हा काळे भरले. वरच्या पापणीच्या घडीचा एक काप, खालच्या पापणीच्या कडेला एक अर्धवट काप, आणि बुबुळात खिडकीच्या बाजूला १२ पिक्सेलचा एक ठिपका. उजेडाकडच्या डोळ्यातच, दुसऱ्या डोळ्यात तोही नाही. भुवई आणि मिशीवरचं पीठ मात्र सढळ हातानं खोदलं. तिथं पांढरं खरंच होतं.

मग रंगांचे ठसे. इथं सहसा `Colors > Posterize` वापरलं जातं आणि तीन-चार पायऱ्यांना तीन-चार रंग देऊन लोक मोकळे होतात. त्यातून नकाशावरच्या उंचीच्या पट्ट्यांसारखं काहीतरी येतं : प्रत्येक गडद पट्टी फिक्या पट्टीच्या पोटात बसलेली, दोघींमध्ये सारखं अंतर. एकाच तुकड्यावरून रंगामागून रंग छापत, मधे मधे खोदत जाण्याची जी पद्धत आहे, रिडक्शन, तिच्यात गडद आकार फिक्याच्या पोटातच येतात, ते खरं. कारण एकदा खोदून काढलेलं परत येत नाही, आणि जे उरतं ते आधीच्या सगळ्या रंगांवर छापलं जातं. पण माझ्या भिंतीचा विटकरी मला कोऱ्या कागदावर हवा होता, पिवळ्यावर नको होता. रिडक्शनमध्ये तो पिवळ्यावरच बसला असता. म्हणजे प्रत्येक रंगाचा वेगळा तुकडा आहे असंच धरायला हवं होतं, आणि वेगळा तुकडा म्हणजे वेगळं चित्र.

तसे तीन लेयर केले, प्रत्येकाचा मोड `Multiply`. सगळ्यात खाली कागद, `#F4EEDF`. त्यावर गव्हाळ पिवळा `#D9A441` : चेहरा, हात, गहू, आणि डब्यांच्या उजेडाकडच्या बाजू. हे आकार अगदी ढोबळ. चेहऱ्याचा पिवळा म्हणजे एक मोठा ठिगळ, कपाळावर आणि खिडकीकडच्या गालावर त्यातून दोन खिडक्या कापलेल्या, बस. त्यावर विटकरी : भिंत आणि सावल्या. शेवटी काळा, निव्वळ काळा नाही, `#1F1B1A`. रंग द्यायला ठशाच्या लेयरवर `Color to Alpha` नं पांढरं काढलं, लेयरचं अल्फा लॉक केलं आणि रंग ओतला. नंतर रंग बदलायचा तर पुन्हा ओतायचा.

चेहऱ्याच्या सावलीच्या बाजूला पिवळ्यावर विटकरी चढवला की चौथा रंग फुकट मिळतो. इथं माझं गणित चुकलं. विटकरी मी `#A8472F` घेतला होता. भिंतीवर तो छान दिसत होता, पण पिवळ्यावर चढल्यावर गुणाकार होऊन साधारण `#8F2E0C` झाला. हा रंग इतका गडद की काळ्यातले काप त्यात बुडाले आणि मामाचा अर्धा चेहरा गेला. दोन रंग वेगवेगळे बघून ठरवले की असं होतं. ते एकमेकांवर चढवूनच बघायला हवेत. खऱ्या छपाईत अशा वेळी शाईत पारदर्शक माध्यम मिसळून ती पातळ करतात. मी विटकरी उजळवून `#C4694A` केला. आता पिवळ्यावर तो `#A74413` च्या आसपास येतो आणि काळा त्यावर स्पष्ट उभा राहतो. भिंत थोडी फिकी झाली, ते चालवून घेतलं.

ठशांच्या कडा एकमेकांना तंतोतंत जुळवायच्या नाहीत, हेही इथंच कळलं. पिवळ्याची कड काळ्याच्या खाली दीड-दोन मिलिमीटर आत घुसवली, म्हणजे ठसा थोडा हलला तरी मधे कागदाची फट दिसत नाही. मग ठसे मुद्दाम हलवले. पिवळा ५ पिक्सेल उजवीकडे आणि ३ खाली. विटकरी ४ पिक्सेल डावीकडे, आणि अगदी किंचित, ०.१५ अंश, फिरवला. काळा जागेवर. महत्त्वाचं हे की सबंध ठसा एकसंध हलतो. तुकडा कागदावर अर्धा मिलिमीटर सरकून बसला तर टोपीपाशीही तेवढाच सरकतो आणि डब्यापाशीही. इथं एकीकडे, तिथं दुसरीकडे, असे रंग हलवले की ते बनावट वाटतं.

शाईचं टेक्श्चर विकतचं घेतलं नाही. हार्डवेअरच्या दुकानातून छोटा स्पंजचा रूळ आणला, काळा अॅक्रिलिक रंग पातळ थरात ताटलीवर पसरला आणि कार्ट्रिज कागदावर तीन पट्टे मारले. सुकल्यावर स्कॅन केले, थ्रेशोल्ड लावून उलटे केले आणि प्रत्येक ठशाला वेगळा पट्टा लेयर मास्क म्हणून दिला. एकच पट्टा तिन्हींना दिला तर तिन्ही रंगांत भोकं एकाच जागी पडतात आणि डाग कागदावर आहे असं वाटतं. खरं तर प्रत्येक वेळी रूळ वेगळा फिरलेला असतो. अशी कोरी भोकं मोठ्या सलग भागात जास्त दिसतात, म्हणून मास्क भिंतीवर आणि सदऱ्याच्या काळ्यात ठेवला, आणि चेहऱ्याच्या रेषांवरून बहुतेक पुसून टाकला.

साफ केलेल्या जागेतही काही उरतं. मोठं पांढरं खोदताना टूलच्या दोन फेऱ्यांच्या मधे बारीक कंगोरे राहतात, त्यांना रुळाची शाई चाटून जाते आणि छापात सुट्या काळ्या ओरखड्यांसारखे ते दिसतात. असे ओरखडे मला आवडतात, म्हणून मी हौसेनं मामाभोवती पांढऱ्यात तीसेक टाकले, सगळीकडे सारखे. मैत्रिणीनं त्यातही दोन चुका काढल्या. पहिली, ते खोदण्याच्या दिशेनं पडायला हवेत : आकृतीच्या कडेजवळ कडेला धरून, पुढे बाहेरच्या बाजूला. दुसरी मला सुचलीच नसती. “काळ्या तुकड्याला काय माहीत भिंत विटकरी आहे ते?” ती म्हणाली. काळ्या ठशावर भिंतीची सगळी जागा खोदून काढलेलीच असणार, तेव्हा काळे ओरखडे विटकरी भिंतीवरही उमटायला हवेत. आणि खिडकीजवळच्या कोऱ्या जागेत काळ्याबरोबर विटकरी ठशाचेही असणार. मी काळे फक्त कागदाच्या पांढऱ्यात टाकले होते, कारण मला अख्खं चित्र दिसत होतं. तुकड्याला फक्त स्वतःपुरतं दिसतं. भिंतीवर उजव्या कोपऱ्यात सात-आठ काळे ओरखडे टाकले, खिडकीत चार विटकरी. चित्रातला सगळ्यात कमी कष्टाचा आणि सगळ्यात खरा वाटणारा भाग तोच आहे.

खाली काळ्या पट्टीत नाव हवं होतं. फॉंट लावून बघितला, पण इतक्या कोरीवकामाखाली तो चिकटवल्यासारखा दिसला. मग अक्षरंही लॅसोनंच कापली. शिरोरेषा म्हणजे २४ चा एक लांब काप, मधे किंचित हललेला, आणि अक्षरं त्याला लटकलेली. ‘ठ’चं पोट कोनेदार झालं, राहू दिलं. खऱ्या लिनोवर हे सगळं उलटं खोदावं लागतं, कारण छाप आरशासारखा येतो. स्क्रीनवर ती भानगड नाही. मात्र उद्या कुणाला हाच आराखडा खरोखरच्या लिनोवर उतरवायचा असेल तर आधी `Image > Transform > Flip Horizontally` करावं लागेल, नाहीतर छापात मामा उजव्या हातानं नरसाळं धरेल आणि नाव वाचायला आरसा लागेल.

नरसाळ्याची कड धरलेला डावा हात मला अजून जमलेला नाही. अंगठा आणि पत्र्याची कड एकाच काळ्यात मिसळतात. त्या हातामागे विटकरी देऊन बघितला तर सदऱ्याची बाही बिघडली. तो तसाच ठेवून फाइल छपाईला दिली, जाड कागदावर, डिजिटल.

संध्याकाळी छपाईवाल्याचा फोन आला. “साहेब, तुमच्या फाइलमध्ये रंग हललेत. पिवळा चेहऱ्याच्या बाहेर येतोय. सरळ करून घेऊ का?”

मी म्हटलं, नको, ते मुद्दामच हलवलेत.

थोडा वेळ तो गप्प. मग म्हणाला, “मग तसं मेसेज करून ठेवा. नंतर माझ्यावर येईल.”